नफा मोठा, पण किती पैशांवर?

औद्योगिक वसाहतीत कुणालाही ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा उलाढालीत मिळतं. ‘यंदा 10 कोटी केले.’ माणूस जवळचा असेल तर पुढे नफ्याचा आकडाही सांगेल. पण हे 10 कोटी करायला जागेत, मशिनांत, मालात आणि गिऱ्हाइकांकडच्या उधारीत मिळून एकूण किती पैसा अडकलाय, हे आपणहून सांगणारा विरळा. पुष्कळदा त्याने हा हिशेब मांडलेलाच नसतो, कारण तो कुणी मागत नाही. बँक तारण मागते, आयकर खातं नफा मागतं, जीएसटीवाले विक्री मागतात.

हा न मागितलेला हिशेब म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा. शेअर बाजारात आणि सीएच्या कचेरीत त्याला ‘आरओसीई’ म्हणतात. धंद्यात घातलेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे वर्षाला किती कमाई झाली, एवढंच तो सांगतो. वर घ्यायचा व्याज आणि आयकर भरण्याआधीचा, पण घसारा वजा केल्यानंतरचा नफा. खाली घ्यायचं धंद्यात गुंतलेलं सगळं भांडवल, म्हणजे मालकाचं स्वतःचं अधिक कर्जाऊ घेतलेलं. भागाकार केला, 100 ने गुणलं, की झालं.

व्याजाआधीचा नफा घेण्यामागे कारण आहे. मशिन मालकाच्या पैशातून आलं की बँकेच्या, यावरून त्याच्यातून निघणाऱ्या मालात फरक पडत नाही. आपल्याला आधी पाहायचं असतं ते धंदा म्हणून या पैशाचं काय झालं. त्यातलं बँकेला किती आणि मालकाला किती, ही वाटणी नंतरची.

कोल्हापूरजवळ शिरोलीसारख्या वसाहतीत कास्टिंगवर मशिनिंग करून देणारे कारखाने पुष्कळ आहेत. तसे दोन कारखाने आपण उदाहरणासाठी कल्पनेने उभे करू. दोघांचीही वर्षाची विक्री 10 कोटी रुपये. पहिल्याचा व्याज-करपूर्व नफा 1 कोटी 20 लाख, म्हणजे विक्रीच्या 12 टक्के. दुसऱ्याचा 80 लाख, म्हणजे 8 टक्के. चहाच्या टपरीवर या दोघांची तुलना झाली तर पहिलाच सरस ठरणार, त्यात शंका नाही.

आता दोघांचे ताळेबंद उघडू. पहिल्याची जागा आणि शेड स्वतःची आहे, ती वहीत 3 कोटींना आहे. घसारा वजा जाता मशिनं साडेतीन कोटींची. कच्चा, अर्धवट आणि तयार असा दीड कोटीचा माल शेडमध्ये पडून आहे. मोठ्या कंपन्यांना माल दिला की पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, त्यामुळे उधारीत अडीच कोटी अडकलेत. हाताशी 20 लाख रोकड. उलट बाजूला, स्वतः त्याने पुरवठादारांचे 70 लाख द्यायचे आहेत. तेवढा काळ दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळतो, म्हणून तो वजा करायचा. बेरीज-वजाबाकी केली की भांडवल बरोबर 10 कोटी निघतं. 1 कोटी 20 लाख भागिले 10 कोटी, म्हणजे परतावा 12 टक्के.

दुसऱ्याने शेड भाड्याने घेतलीय. भाडं खर्चात धरलेलंच आहे, म्हणून तर त्याचा नफा कमी दिसतो. मशिनं 2 कोटी 20 लाखांची, माल फक्त 60 लाखांचा, कारण तो ऑर्डर हातात आल्यावरच कास्टिंग उचलतो. उधारी 1 कोटी 40 लाख, म्हणजे साधारण 50 दिवसांची. रोकड 20 लाख, देणी 40 लाख. त्याचं भांडवल भरतं 4 कोटी आणि परतावा 20 टक्के.

हे कसं झालं, ते समजावणारी एक जुनी फोड आहे. अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला ड्यू पाँ ही तेव्हा मुख्यतः स्फोटकं बनवणारी कंपनी होती. 1910 च्या दशकात तिथे एफ. डोनाल्डसन ब्राउन नावाच्या गृहस्थाने हा परतावा दोन तुकड्यांत तोडून दाखवला. शिक्षणाने तो विजेचा इंजिनिअर. एक तुकडा म्हणजे विक्रीवर किती टक्के नफा सुटतो, आणि दुसरा म्हणजे भांडवल वर्षात किती वेळा फिरतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे परतावा. पुढे ड्यू पाँने जनरल मोटर्समध्ये पैसा घातल्यावर 1921 मध्ये ब्राउन तिकडे गेला आणि ही पद्धत तिथेही रुजली. आपल्या पहिल्या कारखान्यात 10 कोटींच्या भांडवलावर 10 कोटींची विक्री होते, म्हणजे पैसा वर्षात एकदाच फिरतो. 12 गुणिले 1, झाले 12. दुसऱ्याकडे 4 कोटींवर 10 कोटी, म्हणजे अडीच वेळा. 8 गुणिले अडीच, झाले 20. भाजीवाल्याला एका जुडीमागे दोन रुपयेच सुटतात, पण त्याचा पैसा रोज पहाटे फिरतो. सराफाच्या तिजोरीतला दागिना वर्षभर पडून राहू शकतो, म्हणून त्याला मजुरी आणि नफा चढा लावावा लागतो. नुसत्या नफ्याच्या टक्क्यावरून या दोघांत श्रेष्ठ कोण, हे सांगता येणार नाही.

पहिल्या कारखानदाराचे 12 टक्के वाईट आहेत का? ते पैसा किती दराने आलाय यावर ठरतं. त्याच्या 10 कोटींपैकी साडेपाच कोटी स्वतःचे, 3 कोटींचं मुदतकर्ज आणि दीड कोटीचं कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या भाषेत ‘सीसी’. व्याज 11 टक्के धरू. साडेचार कोटींवर 49 लाख 50 हजार व्याज गेलं की त्याच्या हाती कराआधी साडेसत्तर लाख उरतात. बँकेच्या पैशावर 11 टक्के खर्च आणि 12 टक्के कमाई, म्हणजे मधली फट एका टक्क्याची. मंदीच्या वर्षात नफा 10 लाखांनी जरी घसरला तरी ही फट बुजते, आणि त्यानंतर कर्जाचा प्रत्येक रुपया मालकाच्या खिशातून पोसला जातो. दुसऱ्याने तेवढ्याच दराने कर्ज काढलं तर त्याला 9 टक्क्यांची फट आहे. तो झोपतो, आणि पहिला रात्री फोन बघतो.

या फटीचा खरा कस लागतो नवी ऑर्डर आली की. समजा, पहिल्याकडे एक मोठं गिऱ्हाईक येतं आणि वर्षाला दीड कोटीचं जादा काम देऊ करतं. त्यासाठी 1 कोटीचं नवं व्हीएमसी मशिन लागेल. पैसे 120 दिवसांनी मिळतील. नफा विक्रीच्या 10 टक्के, म्हणजे 15 लाख. बहुतेक मालक ही ऑर्डर घेतील आणि वसाहतीत पेढे वाटतील. उलाढाल साडेअकरा कोटींवर जाते, व्याज-करपूर्व नफा 1 कोटी 35 लाखांवर जातो, दोन्ही आकडे चढतेच आहेत.

पण या ऑर्डरीत किती पैसा गुंतला ते बघू. मशिनचे 1 कोटी. दीड कोटीच्या विक्रीवर 120 दिवसांची उधारी म्हणजे सुमारे 49 लाख. वाढीव मालात 11 लाख धरा. एकूण 1 कोटी 60 लाख. त्यावर 15 लाख म्हणजे 9.4 टक्के परतावा, आणि पैसा आलाय 11 टक्क्यांनी. व्याजच 17 लाख 60 हजार होतं. थोडक्यात, ही ऑर्डर घेतल्याने मालकाच्या हातातले 2 लाख 60 हजार रुपये कमी झाले, आणि एकूण कारखान्याचा परतावा 12 वरून 11.6 टक्क्यांवर आला. वर दोन कामगार वाढले, एक पाळी वाढली. ‘धंदा वाढतोय पण हातात काही राहत नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिच्यामागे बहुतेक वेळा असली एखादी ऑर्डर दडलेली असते. अशा वेळी सरासरी परताव्यापेक्षा नव्याने घातलेल्या पैशावरचा परतावा वेगळा काढावा. सरासरीत जुन्या चांगल्या कामाची कमाई मिसळते आणि नव्याचं दुखणं झाकलं जातं.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही चालते. पहिल्या कारखानदाराने एकही नवं काम न घेता, एक पैसाही भाव न वाढवता, फक्त उधारी अडीच कोटींवरून दीड कोटीवर आणली तर सीसी 1 कोटीने उतरतं. भांडवल 9 कोटी होतं, परतावा 13.3 टक्के होतो आणि वर्षाचं 11 लाख व्याज वाचतं. 11 लाख म्हणजे 10 टक्के नफ्याच्या भावाने 1 कोटी 10 लाखांची जादा विक्री.

मग तो उधारी का कमी करत नाही? कायदा तर त्याच्या बाजूचा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराला फार तर 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली. अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम खर्च म्हणून वजा मिळत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाकडून निम्मं काम येतं त्याच्यावर दावा कोण लावणार? उधारीचे दिवस कायद्यापेक्षा दोघांतल्या ताकदीवर ठरतात. आपल्या दुसऱ्या कारखानदाराचे 50 दिवस हे त्याच्या शिस्तीचं फळ असेल, किंवा त्याचं काम दुसरं कुणी तितक्या चोखपणे करून देत नसेल. परताव्याच्या आकड्यात ही ताकदही उतरते, म्हणून तो वाचायला रंजक आहे.

इथवर वाचून दुसरा कारखानदार हुशार आणि पहिला गाफील असं वाटू लागलं असेल, तर जरा थांबा. दुसऱ्याची मशिनं वहीत 2 कोटी 20 लाखांची आहेत, कारण ती जुनी आहेत. घसारा दरवर्षी त्यांची किंमत खातो आणि भागाकारातला खालचा आकडा आपोआप बारीक होतो. कमाई जागच्या जागी राहिली तरी परतावा वर्षागणिक चढत जातो. तशीच क्षमता आज नवी घ्यायची तर समजा 5 कोटी लागतील. मग भांडवल 6 कोटी 80 लाख, आणि त्याच 80 लाखांवर परतावा 12 टक्क्यांच्याही खाली. शिवाय नव्या मशिनांचा घसारा जास्त, म्हणजे नफाही उतरणार. त्याच्या 20 टक्क्यांतला बराच भाग मशिनांच्या वयाचा आहे. वर्षानुवर्षं परतावा चढताना दिसला आणि नवी खरेदी मात्र दिसली नाही, तर हे ओळखावं. ताळेबंदाच्या परिशिष्टात मशिनांची मूळ किंमत आणि साचलेला घसारा शेजारी-शेजारी छापलेले असतात. मूळ किमतीतला बहुतांश भाग घसाऱ्यात गेला असेल, तर मोठ्या खर्चाचं वर्ष जवळ आलंय.

लहान धंद्यात आणखी एक फसवणूक असते, आणि ती मालक स्वतःचीच करतो. तो पगार घेत नाही, बायको हिशेब सांभाळते, मुलगा खरेदी बघतो. तिघांचा पगार शून्य. हीच कामं नोकर ठेवून करून घेतली तर वर्षाला 20-25 लाख सहज जातील. ते वजा न करता काढलेला परतावा हा भांडवलाचा नसून घरच्यांच्या घामाचा असतो. उलट कंपनीच्या नावावर घरची गाडी असेल तर भांडवल फुगलेलं दिसतं. दोन्ही दुरुस्त्या आधी कराव्यात.

खालचा आकडा काढताना सीसीचीही गफलत होते. एकूण मालमत्तेतून चालू देणी वजा करा, असं सूत्र पुष्कळ पुस्तकांत दिलेलं असतं. सीसी ताळेबंदात चालू देण्यांमध्येच बसतं, कारण ते वर्षभरात परत मागता येतं. सूत्र डोळे मिटून वापरलं तर बँकेचे दीड कोटी पुरवठादाराच्या उधारीसारखे फुकटात धरले जातात. आपल्या पहिल्या कारखान्याचं भांडवल मग साडेआठ कोटी होतं आणि परतावा 12 ऐवजी 14 टक्क्यांवर दिसतो. सीसी दरवर्षी नूतनीकरण होऊन कायम वापरात असतं, व्याजही घेतं. ते भांडवलच धरायला हवं. शिवाय 31 मार्चला वसुलीचा जोर असतो, उधारी वर्षातली सर्वांत कमी असते, तेव्हा एका दिवसाच्या ताळेबंदापेक्षा वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भांडवलाची सरासरी बरी. आणि बँकांना हे माप लावूच नये. ठेवी आणि कर्ज हाच त्यांचा माल असतो.

मोठ्या कंपन्यांकडे वळलं, की खालच्या आकड्याची गंमत आणखी वाढते. मुंबईची हिंदुस्तान युनिलिव्हर घ्या. साबण, चहा, शाम्पू विकणारी ही कंपनी गिऱ्हाइकांकडून पैसे लवकर घेते, पुरवठादारांना सावकाश देते आणि नफ्यातला मोठा भाग लाभांश म्हणून वाटून टाकते. मार्च 2020 अखेर तिचं स्वतःचं भांडवल होतं सुमारे 8 हजार कोटी, कर्ज जवळजवळ नाही, आणि वर्षाचा करपूर्व नफा भांडवलापेक्षाही जास्त. परतावा 100 टक्क्यांच्या वर. एका वर्षाने, मार्च 2021 अखेर, नफा वाढलेला होता. पण भांडवल झालं होतं सुमारे 47 हजार कोटी, आणि परतावा 20-25 टक्क्यांच्या घरात उतरला होता.

वर्षभरात साबण कमी खपला असं काही झालं नव्हतं. 1 एप्रिल 2020 ला हॉर्लिक्स बनवणारी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर तिच्यात विलीन झाली. त्या कंपनीच्या एका शेअरमागे हिंदुस्तान युनिलिव्हरचे 4.39 शेअर दिले गेले. डिसेंबर 2018 मध्ये व्यवहार जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत 31 हजार 700 कोटी सांगितली गेली होती. विलीनीकरण पुरं होईपर्यंत हिंदुस्तान युनिलिव्हरच्या शेअरचा भाव वाढला, आणि नवे शेअर वहीत चढले ते त्या वाढीव भावाने, सुमारे 40 हजार कोटींना. दुसऱ्या बाजूला मालमत्तेत आले मुख्यतः ब्रँड आणि नावलौकिकाची किंमत, ज्याला हिशेबात गुडविल म्हणतात. कारखाने आणि यंत्रं त्या मानाने किरकोळ.

गंमत बघा. हॉर्लिक्सची बरणी त्याच नफ्यात विकली जातेय. जुन्या मालकाच्या वहीत या ब्रँडची किंमत नाममात्र होती, कारण दशकानुदशकं घरच्या घरी वाढवलेला ब्रँड ताळेबंदात येत नाही. विकत घेतला की येतो. त्यामुळे लाइफबॉय जवळजवळ फुकटात धंद्यात बसलाय आणि हॉर्लिक्स हजारो कोटींना. खरा परतावा कोणता मग? माझ्या मते दोन्ही खरे, पण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. गुडविल आणि ब्रँड बाजूला ठेवून काढलेला परतावा सांगतो, की उद्या आणखी 100 रुपये कारखान्यात आणि मालात घातले तर साधारण कसे फळतील. गुडविल धरून काढलेला सांगतो, की व्यवस्थापनाने भागधारकांच्या वतीने ही खरेदी कोणत्या भावात केली. कंपनी एकामागून एक कंपन्या विकत घेत असेल आणि फक्त पहिलाच आकडा मिरवत असेल, तर दुसरा आपण काढावा. ब्रँड कितीही गोड असला तरी त्यासाठी मोजलेला पैसा खराच असतो.

हा फरक वाचकाला प्रत्यक्ष भेटतो वार्षिक अहवालात. मार्च 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती झाली आणि कंपन्यांना काही ठरावीक गुणोत्तरं हिशेबाच्या टिपांमध्ये देणं बंधनकारक झालं. त्यात हा परतावा आहे. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या मार्गदर्शक टिपणात भांडवलाची व्याख्या करताना ‘मूर्त’ निव्वळ मालमत्ता धरलीय. म्हणजे गुडविल आणि विकत घेतलेले ब्रँड बाहेर, कर्ज आणि पुढे ढकललेला कर आत. शेअरची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र बहुधा सगळंच आत धरतात. एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा परतावा अहवालात एक आणि फोनवर दुसरा दिसला तर कुणी लबाडी केलीय असं लगेच समजू नये. कंपनीने वर आणि खाली काय धरलं तेही टिपेत लिहावं लागतं, आणि आकडा मागच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त हलला तर कारणही द्यावं लागतं. ही कारणं अहवालाच्या अगदी मागच्या पानांत, बारीक टाइपात, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात असतात. ‘नफा वाढल्यामुळे’ असं लिहिलेलं असेल तर पुढे सरका. ‘भांडवल वाढल्यामुळे’ किंवा ‘कर्ज फेडल्यामुळे’ असं असेल तर ताळेबंदाच्या पानावर परत या आणि तो पैसा कुठे गेला किंवा कुठून आला, ते शोधा.